पेन मुलाच्या हातात

आमच्या भागातल्या समाजमंदिरात दर हिवाळ्यात प्रश्नमंजुषा होते. तिची पद्धत वर्षानुवर्षं ठरलेली होती. व्यासपीठावर मुलांचे सहा संघ, पहिल्या संघाला प्रश्न, त्याला नाही आला तर दुसऱ्याला, त्यालाही नाही आला तर तिसऱ्याला. समोर सतरंज्यांवर आईवडील, आजीआजोबा आणि धाकटी भावंडं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून गुण मांडायला मला हमखास बोलावतात. फळ्याशेजारी उभं राहिलं की सगळं सभागृह समोर दिसतं. दुसरी फेरी संपायच्या आत मागच्या रांगा हलायला लागतात, बायका आपसात बोलायला लागतात आणि पुरुषमंडळींचे मोबाइल बाहेर निघतात.

लोकांना ज्ञानाची आवड नाही असं यावर काही जण म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. एक प्रश्न वाचायचा, विचाराला वेळ द्यायचा, पुढे सरकवायचा आणि उत्तर सांगायचं यात दीड-दोन मिनिटं जातात. संघ सहा असले की एका मुलाला स्वतःचा प्रश्न दहा-बारा मिनिटांनी मिळतो. समोर बसलेल्या दीडशे माणसांना तर तो मिळतच नाही. ज्याला काही करायचंच नाही तो माणूस दोन तास लक्ष देऊन बसेल कसा? शिवाय कच्च्या संघाच्या शेजारी ज्याची जागा, त्याच्याकडे सुटलेले प्रश्न आपोआप येतात आणि त्याचे गुण वाढतात. अनुभवी प्रश्नकर्ते यावर एक उपाय करतात: ज्या संघाने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या संघापासून नवा प्रश्न सुरू करतात आणि अर्ध्या कार्यक्रमानंतर दिशा उलटी फिरवतात. त्यानं संघांना न्याय मिळतो, पण समोरची सतरंजी रिकामीच राहते.

मी हे समितीच्या बैठकीत बोलले तेव्हा अध्यक्षकाका म्हणाले, “मग या वेळी तुम्हीच मांडा की बाई. पण आमच्या म्हाताऱ्या माणसांना कळलं पाहिजे बघा.”

त्यांच्या त्या अटीतूनच सगळं ठरत गेलं. व्यासपीठ रद्द केलं. सभागृहात टेबलं नव्हतीच, म्हणून सतरंज्यांवर गोल करून बसायचं ठरवलं, एका गोलात पाच किंवा सहा माणसं. प्रत्येक गोलात चौदा वर्षांखालची निदान दोन मुलं आणि साठीच्या पुढचं निदान एक माणूस हवं. एका गोलात दोन घरं एकत्र करायची, कारण एकाच घरातली माणसं असली की ज्याचं घरात चालतं त्याचंच गोलातही चालतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की उत्तर प्रत्येक गोल लिहून देणार, पण पेन फक्त मुलाच्या हातात राहणार. मोठ्यांनी पेनाला हात लावायचा नाही. फेरी बदलली की पेन दुसऱ्या मुलाकडे जाणार.

या पेनाच्या नियमाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पेन मोठ्या माणसाकडे गेलं की तो उत्तर लिहून मोकळा होतो आणि मूल बघत बसतं. पेन मुलाकडे असलं की मोठ्याला आपलं उत्तर मुलाला समजावून सांगावं लागतं, आणि मुलाला पटलं नाही तर ते लिहीत नाही. एका गोलात एक निवृत्त गुरुजी होते. सुरुवातीला ते नुसतं उत्तर सांगायचे आणि सहावीतला मुलगा “पण कशावरून?” असं विचारून थांबायचा. काही प्रश्नांनंतर ते आधी कारण सांगायला लागले.

आमच्या भागात याचा आणखी एक फायदा झाला. इथे कितीतरी घरांतल्या आज्या तेलुगू बोलतात, काही कन्नड. मराठी कळतं, पण माइकवरून भरभर वाचलेला लांब प्रश्न निसटतो. मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचत होते आणि दोन वाचनांच्या मध्ये मुद्दाम वीस सेकंद थांबत होते. त्या वेळात नातवंडं आपापल्या नानम्माला प्रश्न तेलुगूत सांगत होती. सांगायचा तर आधी स्वतःला कळायला हवा, म्हणून मुलं प्रश्न नीट ऐकत होती. छताचे पंखे प्रश्न वाचताना बंद ठेवले होते. आमच्या सभागृहात आवाज घुमतो, त्यात पंख्यांची घरघर मिसळली की मागच्या तीन गोलांना काही ऐकू येत नाही.

पण बसण्याची रचना कितीही चांगली केली तरी प्रश्न चुकीचे असतील तर काही उपयोग नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले प्रश्न उचलले असते तर गोलातल्या एकाच माणसाला उत्तर आलं असतं किंवा कुणालाच आलं नसतं, आणि दोन्ही वेळा बाकीचे गप्प बसले असते. मला असे प्रश्न हवे होते ज्यांचा अर्धा भाग मुलाला ठाऊक असतो आणि अर्धा मोठ्याला. आम्ही त्यांना जोडीचे प्रश्न म्हणायला लागलो.

चार हुतात्म्यांवरचाच प्रश्न घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना फाशी कोणत्या साली झाली, असा प्रश्न दरवर्षी असतो. ज्याने पाठ केलं त्याला येतो, बाकीच्यांना येत नाही. मी तो असा बदलला: “चार हुतात्म्यांना फाशी झाली त्या दिवशी गांधीजींनी दांडीला मीठ उचलून वर्ष झालं होतं की नव्हतं? कारणही लिहा.” सोलापुरातल्या मोठ्या माणसांना १२ जानेवारी ही तारीख माहीत असते, कारण दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा चौकात अभिवादन होतं. सालाबद्दल मात्र खात्री नसते. मुलांना दांडी, एप्रिल १९३० हे पाठ्यपुस्तकातून माहीत असतं. आता दोघांनी मिळून दुवा शोधायचा. गांधीजींना मे १९३० मध्ये अटक झाली, सोलापुरात लोक रस्त्यावर आले आणि शहरात मार्शल लॉ लागला. हुतात्म्यांवरचा खटला त्यातूनच पुढे आला. म्हणजे फाशीचा जानेवारी एक तर १९३१ चा किंवा त्यानंतरचा. आता खटला किती दिवस चालला असेल, अपिलांना किती वेळ मिळाला असेल, यावर गोलागोलांत बोलणं सुरू झालं. त्या गलक्यात एका आजोबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “अरे, इंग्रजाला घाई होती रे, वर्षभर थांबतोय कशाला!” फाशी १२ जानेवारी १९३१ ला झाली, म्हणजे मीठ उचलून वर्ष झालं नव्हतं. बहुतेक गोलांचं उत्तर बरोबर आलं, आणि ज्यांचं चुकलं त्यांनीही कारणात अर्धी गोष्ट बरोबर लिहिली होती. त्याला आम्ही अर्धे गुण दिले.

दुसरा जोडीचा प्रश्न टॉवेलचा होता. “टेरी टॉवेल विणताना मागावर ताण्याचे बीम किती लागतात? आणि टॉवेल साध्या कापडापेक्षा जास्त पाणी का शोषतो?” पहिला भाग यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला विचार न करता येतो: दोन. बीम म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ. एका बीमचा ताणा घट्ट असतो, त्याने कापडाची जमीन तयार होते. दुसऱ्याचा सैल सोडलेला असतो, त्याचे फास उभे राहतात. दुसरा भाग नववीतल्या मुलाचा. फासांमुळे सुताचा पाण्याशी येणारा पृष्ठभाग वाढतो आणि धाग्यांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पाणी चढतं. आयुष्यभर टॉवेल विणलेल्या माणसाने शेजारच्या मुलीकडून केशाकर्षण समजून घेतलं आणि तिला सैल ताणा बोटांनी दाखवला. तिनं लगेच उत्तरपत्रिकेच्या कडेला त्याची आकृती काढली. त्या आकृतीला मी वेगळा गुण दिला आणि तो माइकवरून जाहीर केला.

असे प्रश्न बनवायला वेळ लागतो. बनवल्यावर ते शेजारच्या दोन-तीन घरांत विचारून बघावे लागतात. घरात बसून प्रश्न टाकायचा आणि फक्त बघायचं. तीस सेकंदांच्या आत बोलणं थांबलं तर प्रश्न बाद: एक तर तो फार सोपा आहे किंवा कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. बोलणं दीड-दोन मिनिटं चाललं तर ठेवायचा. मी साधारण निम्मे प्रश्न असेच टाकून दिले. जे उरले त्यांच्या सगळ्या संभाव्य उत्तरांचा विचारही तेव्हाच करायचा. पंढरपूरला कोणती नदी आहे, या प्रश्नाला कुणी भीमा लिहील, कुणी चंद्रभागा. दोन्ही बरोबर धरायचे हे आधी लिहून ठेवलं नाही तर ऐन कार्यक्रमात भांडण होतं.

कार्यक्रमाच्या चार फेऱ्या केल्या. पहिली फेरी मुद्दाम हलकी ठेवली. प्रत्येक गोलाला अ, ब, क अशी तीन रंगांची पुठ्ठ्याची कार्डं दिली होती. घंटा वाजली की सगळ्यांनी एकाच क्षणी कार्ड वर करायचं, म्हणजे शेजारच्याचं बघून बदलता येत नाही. अगदी लहान पोरांनाही कार्ड धरून उभं राहता येतं. “सोलापुरात पडलेलं पावसाचं पाणी शेवटी कुठे जातं? अ, अरबी समुद्र. ब, बंगालचा उपसागर. क, कुठेच नाही, वाळवंटात जिरतं.” सभागृह अ आणि ब मध्ये सरळ दुभंगलं. आपण महाराष्ट्रात आहोत, समुद्र पश्चिमेला आहे, म्हणून अनेक मोठ्या माणसांनी अ उचललं. मुलांना सीना आणि भीमा, भीमा आणि कृष्णा, मग आंध्रातून बंगालचा उपसागर असा प्रवास नकाशावरून ठाऊक होता. पन्नाशीतले एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, “मुंबईचा समुद्र जवळ आहे, मग पाणी एवढ्या लांब का जाईल?” फार चांगला प्रश्न होता. मी माइक सातवीतल्या एका मुलाला दिला. त्याने सांगितलं की मध्ये सह्याद्री आहे आणि पठाराचा उतार पूर्वेकडे आहे.

दुसरी फेरी जोडीच्या प्रश्नांची होती. उत्तरं मी प्रत्येक फेरी संपल्यावर सांगत होते. त्याआधी उत्तरपत्रिका शेजारच्या गोलाकडे द्यायच्या आणि उत्तर ऐकता ऐकता त्यांनीच तपासायच्या. यामुळे तपासणीचा वेगळा वेळ लागत नाही आणि उत्तराचं स्पष्टीकरण सगळे ऐकतात, कारण दुसऱ्याच्या उत्तराला गुण द्यायचे की नाही हे त्यांना ठरवायचं असतं. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत हे आधीच सांगितलं होतं. वाद झाला तर प्रश्न रद्द आणि राखीव प्रश्न विचारायचा. मी असे चार प्रश्न पाकिटात घेऊन बसले होते.

तिसऱ्या फेरीतला एक प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडला. समोर काचेची बरणी ठेवली होती. तिच्यात मोजून एक किलो मालदांडी ज्वारी. प्रत्येक गोलाला कागदावर चहाचा एक सपाट चमचा ज्वारी दिली. “बरणीत दाणे किती? पाच मिनिटं.” चमच्याचं वजन मी सांगितलं नव्हतं आणि कुणाकडे काटा नव्हता.

काही गोलांनी नुसताच बरणीकडे बघून आकडा ठोकला. त्यांचे आकडे आठ हजारांपासून दोन लाखांपर्यंत होते. पण एका गोलात काय झालं ते मी जवळ उभी राहून पाहिलं. त्यात विडी वळणाऱ्या एक मावशी होत्या. विडीची मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे मोजणं त्यांच्या बोटांत बसलेलं. त्यांनी दाणे पाचपाचाने सरकवायला सुरुवात केली आणि मुलं मोजेपर्यंत त्यांचं झालंही: एकशे अठरा. आता चमच्यात किती ग्रॅम? औषधाच्या दुकानात काम केलेले एक काका म्हणाले, चहाचा चमचा पाच मिलीचा. आठवीतली मुलगी म्हणाली, पाच मिली पाणी म्हणजे पाच ग्रॅम, पण ज्वारीत फटी असतात, म्हणून कमी. किती कमी? मावशींनी सांगितलं की ज्या डब्यात एक किलो पाणी मावतं त्यात ज्वारी पाऊण किलोच्या थोडी वर बसते. मुलीने पाचाचे पाऊण म्हणून चारच्या आसपास धरलं. एका किलोत चार ग्रॅमचे अडीचशे चमचे, म्हणून ११८ गुणिले २५० म्हणजे २९,५००.

आम्ही आदल्या दिवशी सोनाराच्या काट्यावर दहा-दहा ग्रॅम ज्वारी वेगवेगळ्या वेळी मोजली होती. सरासरी २९० दाणे आले होते, म्हणजे किलोला २९ हजार. मी उत्तर सांगितलं तेव्हा त्या गोलातली मुलं उठून नाचायला लागली आणि मावशींनी पदर तोंडाला लावला. अशा प्रश्नाला बरोबर-चूक असे गुण देता येत नाहीत. सगळ्यांत जवळच्या गोलाला पाच, त्याच्या पुढच्याला तीन आणि तिसऱ्याला एक असे दिले. ज्यांनी कागदावर रीत मांडली होती त्यांना आकडा लांब असला तरी एक गुण दिला. हा प्रश्न पाच मिनिटांचा ठेवावा लागतो. तीन मिनिटांत घाई होते आणि सगळे अंदाजच ठोकतात.

चौथी फेरी ओळखीची. तीन सूचना, पहिलीवर ओळखलं तर पाच गुण, दुसरीवर तीन, तिसरीवर एक. चिठ्ठी एकदा दिली की बदलायची नाही, म्हणून केव्हा द्यायची यावर गोलात बोलणं होतं. “मी उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सगळ्यांत वजनदार पक्ष्यांपैकी एक आहे.” काही मुलांनी लगेच शहामृग लिहून दिलं, तो उडत नाही, हे चिठ्ठी गेल्यावर लक्षात आलं. “मी राजस्थानचा राज्यपक्षी आहे.” मोराच्या चिठ्ठ्या आल्या. “माझ्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य आहे.” मग माळढोकच्या चिठ्ठ्या धडाधड आल्या. पहिल्या सूचनेवर बरोबर चिठ्ठी देणारा गोल एकच होता. त्यातल्या आजोबांनी तरुणपणी मोहोळकडच्या माळावर माळढोक पाहिला होता. त्यांना मी दोन मिनिटं माइक दिला. तो केवढा असतो, धावून कसा उडतो, हे त्यांनी हात पसरून सांगितलं. उत्तरानंतर अशी दोन मिनिटं राखून ठेवली पाहिजेत. मी चोवीस प्रश्नांऐवजी अठराच ठेवले होते ते याचसाठी. चहाची सुट्टी धरून सगळं दोन तासांत झालं.

एक-दोन गोल फार पुढे गेले की बाकीचे सुस्तावतात, हा धोका या पद्धतीतही आहे. त्यासाठी प्रत्येक गोलाने आपली एक फेरी आधी निवडायची होती आणि त्या फेरीचे गुण दुप्पट धरायचे होते. यंत्रमागवाल्यांच्या गोलाने जोडीची फेरी निवडली आणि सातव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर आला. शेवटच्या प्रश्नाला मोठे गुण ठेवून सगळा निकाल फिरवणं मात्र मी केलं नाही. तसं केलं की आधीच्या दीड तासाला अर्थ राहत नाही, आणि मुलांना ते लगेच कळतं.

मोबाइल प्रत्येक गोलाच्या मध्ये एका टोपलीत पालथे ठेवायला सांगितले होते. नियम पाळला जाईल का अशी मला शंका होती, पण टोपलीकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

या पद्धतीच्या मर्यादाही दिसल्या. पंचवीस गोलांच्या पुढे ती चालणार नाही, कारण स्वयंसेवकांना चिठ्ठ्या गोळा करणं जमत नाही आणि गलका इतका वाढतो की प्रश्न ऐकू येत नाही. आमच्याकडे अठरा गोल होते आणि दर तीन गोलांमागे एक कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी. कमी ऐकू येणाऱ्या आजीआजोबांसाठी दोनदा वाचणंही पुरत नाही. चार आज्या अर्ध्या कार्यक्रमानंतर भिंतीला टेकून बसल्या, कारण त्यांना प्रश्नच पोचत नव्हते. पुढच्या वेळी प्रत्येक प्रश्न ठळक मोठ्या अक्षरांत छापून गोलागोलात द्यायचा आहे, मराठी आणि तेलुगू दोन्हीत. तेलुगू मजकूर तपासायला आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिका तयार झाल्या आहेत. कन्नडसाठी अजून कुणी मिळालेलं नाही. अक्कलकोट रोडच्या बाजूला विचारणा सुरू आहे.